संध्याकाळचा कूलिंग लोड टाकीवर ढकलायचाय? गार पाण्याच्या टाकीचं आणि तिच्या डिफ्यूझरचं माप कसं काढायचं

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत मोठी हॉस्पिटल्स, मॉल, कागल आणि गोकुळ शिरगावकडचे एसी प्लांट असलेले कारखाने बरेच वाढलेत आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, संध्याकाळचं वीजबिल. पूर्वी टीओडीमध्ये, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरात, रात्री १० ते सकाळी ६ सूट असायची त्यामुळे "रात्री थंड करून ठेवा, दिवसा वापरा" हे सरळ गणित होतं. आता ते उलटलंय. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला, त्यात सोलर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना पीक तासांचा दर किमान १.२ पट असं आलं, आणि आपल्याकडे महावितरणच्या नव्या रचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत नि संध्याकाळी ५ ते रात्री १२ जादा आकार असा पट्टा पडला. वीज नियामक आयोगाचे आदेश बदलत राहतात म्हणून आधी स्वतःच्या बिलावरचे झोन बघा, त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

या लेखात मी एकच केस घेतोय. समजा उजळाईवाडीच्या बाजूला एक हॉस्पिटल आहे, प्रत्येकी १६० टीआरचे दोन चिलर चालतात, तिसरा स्टँडबाय. टीआर म्हणजे चिलरची थंड करण्याची ताकद मोजायचं एकक. संध्याकाळी ५ ते १२ दोन्ही चिलर बंद ठेवायचे आणि सगळं कूलिंग टाकीतून द्यायचं. टाकी केवढी पाहिजे आणि आत पाणी सोडणारा डिफ्यूझर कसा पाहिजे, एवढंच बघायचं. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत मात्र तुमच्या प्लांटला जशीच्या तशी लागू पडते.

टाकीत नेमकं काय होतं

बादलीत आधी गार पाणी घेऊन वरनं हळूच बंबातलं पाणी सोडलं की वर कढत आणि खाली गार राहतं, हात घालून ढवळलं की संपलं. ही टाकी त्याच्यावरच चालते. खाली ५ अंशांचं पाणी, वर इमारतीतून परत आलेलं १३ अंशांचं पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक पातळ थर ज्याच्यात तापमान भराभर बदलतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. मध्ये पडदा नाही, पत्रा नाही, फक्त घनतेचा फरक. आणि हा फरक किती बारीक आहे बघा, ५ अंशांना एका घनमीटर पाण्याचं वजन ९९९.९७ किलो आणि १३ अंशांना ९९९.३८ किलो, म्हणजे हजार किलोमागे जेमतेम ६०० ग्रॅम. एवढ्याशा फरकावर ५०० टन पाणी दोन थरांत उभं ठेवायचंय, म्हणून डिफ्यूझरला एवढं महत्त्व.

इथेच एक मर्यादा पण कळते. पाणी सगळ्यात जड ४ अंशांच्या आसपास असतं, त्याच्या खाली गेलं की परत हलकं व्हायला लागतं. त्यामुळे "चिलर ३ अंशांवर लावू, जास्त साठेल" असं कुणी म्हणालं तर साध्या पाण्यात ते जमत नाही, ३ अंशांचं पाणी तळाला बसणारच नाही, ते वर उठून थर विस्कटतं. आपण ५ अंश धरू.

आधी लोड काढा, टीआर नव्हे तर टीआर-तास

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. चिलर घेताना आपण पीक टीआर बघतो, टाकी मात्र टीआर-तासांवर, म्हणजे तासातासाच्या टीआरच्या बेरजेवर ठरते. एप्रिल-मे मधला एक कडक दिवस घ्या, बीएमएस, म्हणजे इमारतीची कंट्रोल सिस्टिम असेल तर तासातासाचा लॉग काढा, नसेल तर फ्लो आणि सप्लाय-रिटर्नचं तापमान हाताने लिहून काढा. आपल्या केसमध्ये ५ वाजता २२० टीआर, ६ ला २१०, ७ ला २००, ८ ला १८०, ९ ला १५०, १० ला १२० आणि ११ ला ११०, बेरीज ११९० टीआर-तास.

मग चिलर एवढं भरून देतील का ते बघायचं, कारण टाकी थंडी तयार करत नाही, नुसती सांभाळते. दुपारचा लोड सरासरी २४० टीआर धरला तर ३२० मधले ८० उरतात, ९ ते ५ आठ तासांत ६४० टीआर-तास झाले. उरलेले ५५०, त्यात टाकीची गळती धरून साधारण ५७० रात्री १२ ते ६ मध्ये भरायचे, म्हणजे ताशी ९५ टीआर, तेव्हा हॉस्पिटलचा स्वतःचा लोड १०० च्या आसपास असतो त्यामुळे दोन चिलर सहज ओढतात आणि रात्री बाहेरची हवा थंड असल्याने वीजही थोडी कमी लागते. फक्त हे ३२० टीआर ५ अंश सप्लायला मिळणारे असले पाहिजेत. चिलरच्या प्लेटवरचा आकडा बहुतेक वेळा ७ अंशांचा असतो, सप्लाय खाली नेला की क्षमता उतरते, तर मेकरकडून ५ अंशांचा आकडा लेखी घ्या.

टाकीचं आकारमान

सूत्र सोपं आहे, V घनमीटरमध्ये येतो:

```
V = (TRh × 3.517 × 3600) / (4.19 × ΔT × FOM × 1000)
```

FOM म्हणजे टाकीत जेवढी थंडी भरली त्यातली खरोखर वापरण्याजोगी किती निघते तो हिस्सा. थर्मोक्लाइनमधलं कोमट पाणी, थोडं मिसळणं, भिंतीतून आत येणारी उष्णता हे सगळं त्यात आलं. नीट केलेल्या टाकीला ०.८५ ते ०.९५ मिळतो, आपण ०.९ धरू. ΔT म्हणजे १३ वजा ५, ८ अंश. आकडे घातले की ५०० घनमीटर येतं, म्हणजे एका टीआर-तासाला सुमारे ४२० लिटर. हा ४२० चा आकडा डोक्यात ठेवा, पण तो ८ अंशांच्या ΔT लाच आहे हे पण ठेवा.

आता ५०० घनमीटर उंच करायची की पसरट? माझं स्पष्ट मत, जागा असेल तर उंच. चांगल्या टाकीत थर्मोक्लाइन साधारण अर्धा ते एक मीटर जाड असतो आणि टाकी उथळ केली म्हणून तो पातळ होत नाही. ०.६ मीटर धरा. ३ मीटर खोल टाकीत तो एक पंचमांश पाणी खाऊन टाकतो, ११ मीटर खोल टाकीत पाच-साडेपाच टक्केच. म्हणून "तळघरातली फायरची टाकी आहे की, तीच वापरू" या सल्ल्यावर उडी मारू नका, ती बहुधा उथळ असते, मध्ये खांब-तुळया असतात आणि तिथे ०.९ चं स्वप्न बघू नये. त्यात जमीन पंचगंगेच्या पूररेषेजवळ असेल तर २०१९ आणि २०२१ आठवा, जमिनीखालची टाकी आणि पंप दोन्ही पाण्यात जातात.

आपण ७.५ मीटर व्यासाची गोल स्टीलची टाकी घेऊ. क्षेत्रफळ ४४.२ चौरस मीटर, पाण्याची खोली ११.३ मीटर, वर अर्धा मीटर मोकळा. जमिनीवर दर चौरस मीटरला ११ टनांपेक्षा जास्त भार येतो, आणि आपल्याकडे काळी माती लागली तर ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मातीची टेस्ट केल्याशिवाय फाउंडेशन ओतू नका.

इन्सुलेशन १०० मिलिमीटर पफ पुरतं. ३८ अंशांच्या दिवशी भिंत आणि छपरातून दिवसाला १६ टीआर-तासांच्या आसपास गळती होते, एकूणाच्या दीड टक्का पण नाही. गळतीपेक्षा खरा त्रास पावसाळ्यातला दमट हवेचा. व्हेपर बॅरियरला कुठे फट राहिली की ओल पफच्या आत जाऊन थंड पत्र्यावर पाणी धरते आणि बाहेरून काहीही न दिसता पत्रा गंजत राहतो. सांधे, शिडीचे ब्रॅकेट, सेन्सरची भोकं, इथेच फटी राहतात, तिथे उभं राहून काम करून घ्या.

आणखी एक, टाकी हवेला उघडी आहे. इमारतीतली सगळ्यात वरची कॉइल टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असेल तर पंप थांबल्यावर वरचं पाणी टाकीत उतरून ओव्हरफ्लो होतं. रिटर्नला प्रेशर सस्टेनिंग व्हॉल्व्ह लावा नाहीतर प्लेट हीट एक्स्चेंजर घाला, पण एक्स्चेंजर घातला तर एक-दीड अंश तिथेच जातो आणि तो सरळ ΔT मधून जातो, म्हणजे टाकी वाढते. हा निर्णय आकारमान काढायच्या आधी घ्यायचा असतो.

डिफ्यूझर, म्हणजे खरं काम

नुसता पाइप टाकीत सोडला तर पाणी फवाऱ्यासारखं घुसतं आणि सगळं ढवळतं. आपल्याला पाणी असं सोडायचंय की ते तळाशी (किंवा वर पृष्ठभागाशी) चादरीसारखं सरपटत पसरेल. ते होतंय का हे दोन आकडे सांगतात, रेनॉल्ड्स नंबर Re आणि फ्राउड नंबर Fr:

```
Re = q / ν
Fr = q / sqrt(g × h³ × Δρ/ρ)
```

q म्हणजे डिफ्यूझरच्या एक मीटर लांबीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी येतं, ν पाण्याचा चिकटपणा, g गुरुत्वाकर्षण, Δρ/ρ घनतेतला फरक, h म्हणजे तोंडापासून तळापर्यंतचं (वरच्या डिफ्यूझरला पृष्ठभागापर्यंतचं) अंतर. Fr १ किंवा कमी असेल तर पाणी घनतेच्या फरकाच्या जोरावर पसरतं, फवारा होत नाही. Re कमी असेल तर पसरताना वरच्या पाण्यात घुसळण होत नाही. Fr ला १ ची मर्यादा सगळीकडे चालते, Re ची मर्यादा मात्र खोलीवर आहे: साडेचार मीटरपेक्षा उथळ किंवा उतरत्या भिंतींच्या टाकीला २०० च्या आसपास, त्याहून खोल टाकीला ४०० ते ८५०, आणि १२ मीटरच्या वर गेलात तर २००० पर्यंत पण चालून जातं. आपली ११.३ मीटर, तर ८५० च्या आत राहायचं.

आता फ्लो. सगळ्यात जास्त डिस्चार्ज २२० टीआर, ८ अंशांना तो २३ लिटर प्रति सेकंद, ताशी ८३ घनमीटर. थोडं मार्जिन धरून २५ लिटर घेऊ. चार्जिंगचा फ्लो ९५ टीआरला १० लिटरच आहे, म्हणून डिस्चार्जच ठरवणार. डिस्चार्जला टाकीत येणारं पाणी वरनं येतं, १३ अंशांचं, त्याचा ν ०.००००१२ भागिले १०, म्हणजे 1.2e-6. (५ अंशांना 1.52e-6 असतो, म्हणजे गरम पाण्याला Re जास्त येतो, वरचा डिफ्यूझर जास्त नाजूक.)

टाकीचा आकार गोल आहे तर अष्टकोनी पाइप बसवणं सगळ्यात सोपं, आठ सरळ तुकडे आणि ४५ अंशांचे एल्बो. तो कुठे बसवायचा? त्याच्या आतलं आणि बाहेरचं क्षेत्रफळ समान व्हावं म्हणून त्रिज्येच्या ०.७०७ पटीवर, म्हणजे मध्यापासून २.६५ मीटरवर. (फ्लो मोठा असेल आणि एक रिंग पुरत नसेल तर दोन रिंगा, ०.५ आणि ०.८६६ पटीवर, प्रत्येकीला अर्धा फ्लो.) आपल्या रिंगची लांबी १६.२ मीटर भरते. पाणी तोंडातून बाहेर पडून पृष्ठभागाला लागलं की आत आणि बाहेर दोन्हीकडे पसरतं, म्हणून उपयोगी लांबी दुप्पट, ३२.४ मीटर. q आला ०.०००७७, आणि Re ६४० च्या आसपास. चाललं.

Fr साठी घनतेचा फरक ०.०००५९ घातला तर h ४७ मिलिमीटरला Fr बरोबर १ येतो. काठावर राहू नका, ७५ मिलिमीटर घ्या, Fr निम्म्यावर येतो. खालच्या रिंगची भोकं खाली तोंड करून, तळापासून ७५. वरच्या रिंगची भोकं वर तोंड करून, पाण्याच्या सगळ्यात खालच्या पातळीपासून ७५. ही दिशा साइटवर उलटी बसवलेली सापडते, कारण फॅब्रिकेटर दोन्ही रिंगा एकसारख्या बनवून आणतो आणि बसवणाऱ्याला फरक कुणी सांगितलेला नसतो. मग खालच्या रिंगमधून पाणी कारंज्यागत वर उडतं. ड्रॉइंगवर बाण काढा आणि मॅनहोल बंद करायच्या आधी स्वतः आत उतरून बघा.

भोकं किती? तोंडातून पाणी सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा जोरात नको. २२ मिलिमीटरची भोकं, ६० मिलिमीटर अंतरावर, प्रत्येक बाजूला ३०, आठ बाजूंची २४०. वेग ०.२७ येतो. दोन भोकांतलं अंतर h च्या दुपटीच्या आत असलं की सगळी भोकं मिळून एका सलग फटीसारखं वागतात.

आणि पाइपचा साइज. इथे लोक पैसे वाचवायला जातात. पाइप बारीक असला तर आतलं पाणी जोरात धावतं, मग फीडपासून लांबच्या भोकांतून एक फ्लो आणि जवळच्यांतून दुसराच, कागदावर Re ६४० असला तरी एका बाजूला तो हजारावर जातो. नियम असा की एका फांदीवरच्या सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ पाइपच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. आपण रिंगला चार ठिकाणी फीड दिला तर प्रत्येक फांदीत एक बाजू, ३० भोकं, ०.०११४ चौरस मीटर. १५० एनबी पाइपला हे प्रमाण १.६ पटच येतं, नापास. २०० एनबी घ्या, २.८ पट, भोकाभोकांतला फरक पाच-सहा टक्क्यांत राहतो. चारही फीड पाइपांची लांबी आणि बेंड एकसारखे ठेवा, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह टाकीच्या आत लावून उपयोग नाही, तिथे परत कोण जाणार. खालच्या रिंगला वरच्या बाजूने दोन-तीन बारीक भोकं हवा निघायला ठेवा, नाहीतर अडकलेली हवा चार्जिंगच्या वेळी बुडबुडे सोडत थर फाडत वर येते.

ΔT पडला तर काय होतं

हे वेगळं सांगतो कारण टाकी आणि डिफ्यूझर दोन्ही बरोबर असून प्लांट फसतो तो इथेच. जुन्या एएचयूवर, म्हणजे खोल्यांना गार हवा देणाऱ्या युनिटवर थ्री-वे व्हॉल्व्ह असतात, कॉइलला नको असलेलं गार पाणी बायपास होऊन तसंच परत येतं, आणि रिटर्न १३ ऐवजी १० अंशांचा होतो. ΔT ८ चा ५ झाला. त्याच टाकीत आता ११९० ऐवजी ७४० टीआर-तासच आहेत, ते रात्री साडेआठच्या सुमारास संपतात आणि ऐन महाग तासात चिलर चालू करावे लागतात. एवढ्यावर थांबत नाही. तेच २२० टीआर द्यायला फ्लो २३ वरून ३७ लिटरवर जातो, आणि ५ आणि १० अंशांतला घनतेचा फरक निम्म्याहून कमी असतो, मग Fr १ ओलांडतो, Re ८५० च्या वर जातो. म्हणजे कमी थंडी साठते आणि जी साठते ती पण ढवळली जाते. टाकीची ऑर्डर द्यायच्या आधी महिनाभर रिटर्नचं तापमान लॉग करा. १३ येत नसेल तर आधी टू-वे व्हॉल्व्ह आणि पंपाला वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी, कॉइलची सफाई, मगच टाकी.

चालू केल्यावर काय बघायचं

टाकीत उभ्या रेषेत दर अर्ध्या मीटरला एक सेन्सर, २२-२३ लागतील, यात काटकसर नको. पहिल्या फुल डिस्चार्जला सगळ्यांचा आलेख काढा. ताशी ८३ घनमीटरला थर्मोक्लाइन तासाला १.९ मीटर खाली सरकतो, म्हणजे एका सेन्सरवरून पुढच्यावर यायला साधारण १६ मिनिटं. थर ०.६ मीटरचा असेल तर एखादा सेन्सर ५ वरून १३ वर चढायला वीसेक मिनिटं घेतो. तोच चढ तासभर रेंगाळला तर थर जवळजवळ दोन मीटरचा झालाय.

मग कुठे बिघडलं ते आलेखच सांगतो. अगदी वरच्या पहिल्या सेन्सरपासूनच चढ लांबट असेल तर वरच्या डिफ्यूझरमध्ये गडबड, भोकांची दिशा, हवा, पाण्याची पातळी हे बघा. पहिले सेन्सर झटकन चढतात पण वरचं पाणी १० वरच अडकतं तर टाकी ठीक, दोष एएचयूकडे. आणि पहिल्या आठवड्यात छान होतं पण हळूहळू थर जाड होत चाललाय असं दिसलं तर बहुतेक टाकी रोज अर्धवट भरली जाते आणि जुना थर्मोक्लाइन आतच राहून फुगत जातो, मग आठवड्यातून एकदा तरी वरच्या डिफ्यूझरला ५-६ अंश दिसेपर्यंत पूर्ण चार्ज करून तो बाहेर ढकलायचा.

पंप चालू करायची पद्धत पण ऑपरेटरला लिहून द्या. थर तयार होतो तो पहिल्या काही मिनिटांत, तेव्हाच जास्त मिसळतं, एकदा चादर पसरली की नंतरचा फ्लो तिला फारसं काही करत नाही. म्हणून टाकी सुरू करताना व्हीएफडी एकदम फुल न करता पहिली वीस-पंचवीस मिनिटं निम्म्या फ्लोवर ठेवायचा आणि मग वाढवायचा. तेवढ्या वेळात उरलेला लोड एका चिलरने ओढायचा, म्हणजे चार पस्तीसलाच टाकी सुरू करून पाचच्या ठोक्याला चिलर बंद केला तर महागड्या झोनमध्ये त्याचं एकही युनिट जात नाही.